संध्याकाळच्या वर्गातल्या बाईंना स्वतःच्या हाताने आभाराचे पत्र लिहायचे आहे

काळेकाकू_इंदूर

सर्वांना नमस्कार. मी इंदूरला लोकमान्यनगरच्या बाजूला राहते आणि चार घरी स्वयंपाकाला जाते. माझे वय 54 आहे. माहेर जळगाव जिल्ह्यातले. आई-वडील केळीच्या बागांत मजुरीला जात आणि धाकटी भावंडे माझ्या कडेवर असत, त्यामुळे शाळेत जाणे झाले नाही. हा मजकूर मी वहीत लिहिला आणि सुनेने तो पाहून टाइप केला. वाक्ये माझी आहेत, शुद्धलेखन तिने सुधारले आहे. शेवटी जे पत्र दिले आहे ते मात्र मी लिहिले तसेच्या तसे ठेवायला मी तिला सांगितले आहे.

2023 च्या दिवाळीनंतर आमच्या वस्तीजवळच्या मंदिराच्या सभागृहात बायकांसाठी वाचन-लेखनाचा वर्ग सुरू झाला. वेळ संध्याकाळी साडेसात ते नऊ. शिकवणाऱ्या बाई टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या होत्या. खिडकीवर बसून त्यांनी अनेक वर्षे लोकांचे मनीऑर्डरचे फॉर्म भरून दिले होते, त्यामुळे अंगठा पुढे करताना माणूस कुठे पाहतो हे आपल्याला ठाऊक आहे, असे त्या म्हणत. त्यांना कोणी पैसे देत नव्हते. पहिल्या दिवशी आम्ही अकरा जणी होतो.

पुस्तक हिंदी होते आणि त्यात पहिलाच शब्द ‘नल’ होता. वर चित्र होते. बाईंनी विचारले, हे काय आहे? मी म्हणाले, नळ. शेजारची निमाडकडची बाई म्हणाली, नल. मला वाटले माझे चुकले. बाईंनी फळ्यावर दोन्ही शब्द एकाखाली एक लिहिले आणि म्हणाल्या, ‘पुस्तक नल लिहील, तुमचे तोंड नळ म्हणेल, दोन्ही बरोबर आहेत, फरक या एका अक्षराचा आहे.’ त्यांनी ‘ळ’वर बोट ठेवले आणि म्हणाल्या, ‘हे अक्षर नीट पाहून ठेवा, हे तुमच्या आडनावात आहे.’ सगळ्या अक्षरांत मी ओळखलेले पहिले अक्षर ते. पुस्तकात ते कुठेच नव्हते.

माझ्या रेशनकार्डावर आणि बँकेच्या पासबुकावर आडनाव ‘काले’ असे छापलेले आहे. अंगठ्याऐवजी सही द्यायला गेले तेव्हा मी घाबरले की काळे लिहावे की काले. बाई म्हणाल्या, ‘सही तुमची आहे, ती काळेच राहू द्या, फक्त दर वेळी तशीच करा.’ बँकेने नमुन्याची सही घेतली आणि आता तीच चालते.

चौथ्या महिन्यात माझे वाचन अडले. फळ्यावरचे मला येई आणि वहीतले येत नसे. घ आणि ध, भ आणि म यांत माझी गल्लत होई. मला वाटले की आपले डोके या वयात एवढेच चालते, आणि मी दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी बाई मी काम करते त्या घराच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मला पुस्तक हात लांब करून धरायला लावले आणि एक ओळ वाचायला सांगितली. मी वाचली. मग पुस्तक नेहमीसारखे जवळ धरायला लावले, तेव्हा तीच ओळ आली नाही. त्या म्हणाल्या, ‘डोके ठीक आहे, चष्मा घ्या.’ मला त्यांचा राग आला, कारण मला वाटले की त्या माझे वय काढत आहेत, आणि चष्म्याचा खर्च कुठून करायचा हाही प्रश्न होताच. पंधरा दिवसांनी डोळे तपासले, दोन नंबर निघाला. चष्मा लावून वही उघडली तेव्हा ‘ध’च्या डोक्यावरची रेघ एका बाजूला तुटलेली असते, हे मला पहिल्यांदा दिसले. चार महिने मी दोन्ही अक्षरे एकच समजत होते.

घरी सरावाला वेळ नसे, म्हणून पोळ्यांची कणीक भिजवण्याआधी परातीत पीठ पसरून मी बोटाने रोज एक अक्षर काढत असे. पेन्सिल मला जड जाई. लाटण्याची सवय असल्याने मी ती दाबून धरी आणि टोक मोडे.

परीक्षेत वाचन आणि हिशेब या दोन्ही भागांत पास झाले, लेखनात कमी पडले. पुढच्या वेळी पुन्हा बसले तेव्हा तेही झाले.

बाई मार्च महिन्यात मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या. जाताना आम्ही त्यांना नारळ आणि ब्लाउजपीस दिले, पण मला काही बोलता आले नाही. आता मला त्यांना पोस्टकार्ड पाठवायचे आहे. माझे तीन प्रश्न आहेत. पोस्टकार्डावर मोठ्या अक्षरात किती मजकूर मावतो? पत्ता मराठीत लिहिला तर कार्ड इंदूरहून पुण्याला जाईल का? आणि चुका सुधारून पाठवावे की आहे तसेच पाठवावे? सून म्हणते सुधारून पाठवा. माझे मन होत नाही. पत्र असे आहे:

*आदरणिय बाई, सादर नमसकार. मि काळे. तुमी पुन्याला गेलात तेव्हा पासुन वर्ग बंद आहे. मि रोज अर्धे पान लिहिते. तुमी मला चश्मा घ्या मणालात तेव्हा मला राग आला होता. आता मि औषधाचे नाव वाचते. दुधाच्या पीशवी वरची तारिख वाचते. तुमचे फार घन्यवाद. चश्मा मोडला नाही. काळे.*

वडोदरेकर

काकू, तुमचे मनापासून अभिनंदन. माझे मत स्पष्ट आहे: पत्र सुधारूनच पाठवा. ज्या बाईंनी दोन वर्षे खपून शिकवले त्यांच्या हाती चुकांनी भरलेले कार्ड पडले तर त्यांना आपले श्रम वाया गेल्यासारखे वाटेल. वेलांटीचा एक सोपा नियम सांगतो, तो लक्षात ठेवलात तर निम्म्या चुका जातील. मराठी शब्दाच्या शेवटी वेलांटी आली तर ती दुसरी असते, म्हणजे मी, पाणी, भाजी, पिशवी. तुम्ही ‘पिशवी’चा शेवट बरोबर लिहिला आहे आणि ‘मी’ मात्र प्रत्येक ठिकाणी चुकला आहे.

दुसरे म्हणजे, पद्धतच चुकली असे मला वाटते. आम्ही आधी पूर्ण मुळाक्षरे, मग पूर्ण बाराखडी आणि त्यानंतर शब्द असे शिकलो, त्यामुळे आमचा पाया पक्का झाला. थेट ‘नळ’ या शब्दापासून सुरुवात केली की पुढे असे घोळ होतात. शिवाय माझ्या माहितीप्रमाणे सरकारी साक्षरता वर्ग 15 ते 35 वयाच्या लोकांसाठी असतो, तेव्हा तुम्हाला परीक्षेला कसे बसू दिले याचेही आश्चर्य वाटते.

स्नेहल_ग्वाल्हेर

काळेकाकू, तुमचा धागा वाचून माझ्या सासूबाईंची आठवण झाली. त्यांचे वय 68 आहे. त्या देवाची पोथी रोज घडाघडा वाचतात, परंतु वर्तमानपत्र दिले की अडतात आणि सही सोडून काहीही लिहीत नाहीत. आमच्याकडे ग्वाल्हेरला, लष्कर भागात, असा वर्ग कुठे आहे का? तुमच्या बाई पुण्याहून फोनवर शिकवू शकतील का? त्यांचा नंबर मिळाला तर बरे होईल.

काळेकाकू_इंदूर

स्नेहलताई, मी वर्ग शोधत नाही, मला बाईंना पत्र पाठवायचे आहे. बाईंना न विचारता मी त्यांचा नंबर देऊ शकत नाही. त्यांना आपले नाव कुठे आलेलेही आवडत नाही, म्हणूनच मी ते वर लिहिले नाही. पण तुमच्या सासूबाईंसाठी कोणीतरी येथे सांगेल.

पाटीपेन्सिल

काळेताई, मी इंदूरचाच आहे. नव्वदच्या दशकात मध्य प्रदेशात साक्षरतेच्या मोहिमा चालल्या तेव्हा मी स्वयंसेवकांना प्रशिक्षण देत असे आणि नंतर अनेक वर्षे स्वतः संध्याकाळचे वर्ग घेतले. तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले. सुधारणेचा निर्णय तुमचा आहे, परंतु त्याआधी तुमच्या चुका काय सांगतात ते मला लिहावेसे वाटते, कारण तुमच्या बाई ते नक्की वाचतील.

सगळ्या चुका एका जातीच्या नाहीत. ‘तुमी’, ‘मणालात’ आणि ‘पुन्याला’ या कानाच्या चुका आहेत. ‘तुम्ही’ आणि ‘म्हणालात’ यांतला ह बोलताना जवळजवळ नाहीसा होतो आणि बोलण्यात ‘ण’चा ‘न’ होतो, त्यामुळे तुम्ही जे ऐकता तेच प्रामाणिकपणे लिहिले आहे. जो माणूस पाहून उतरवतो तो ही चूक करत नाही, आवाजापासून अक्षर स्वतः घडवणाऱ्या माणसाकडूनच ती होते. ‘मि’, ‘पीशवी’ आणि ‘तारिख’ या वेलांटीच्या चुका आहेत. वडोदरेकरांनी सांगितलेला शेवटच्या वेलांटीचा नियम अगदी उपयोगाचा आहे, फक्त तो ‘तारीख’ला लागू होत नाही, कारण तिथे वेलांटी शेवटी नसून शेवटून दुसऱ्या अक्षरावर आहे.

आता ‘चश्मा’ पाहा. मराठीत आपण ‘चष्मा’ लिहितो, हिंदीत ‘चश्मा’ लिहितात. तुम्ही हा शब्द वर्गात शिकलेला दिसत नाही, दुकानाच्या पाटीवर वाचलेला दिसतो. इंदूरच्या कुठल्याही बाजारात तो तसाच रंगवलेला असतो. याचा अर्थ तुम्ही रस्त्याने चालताना वाचता. वर्ग संपल्यावरही वाचन चालू आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणत्याही परीक्षेत मिळत नाही.

राहिला ‘घन्यवाद’. याबद्दल मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे: हे पत्र लिहिताना तुम्ही चष्मा लावला होता का? तुम्ही ‘अर्धे’ आणि ‘औषधाचे’ या शब्दांतला ‘ध’ बरोबर लिहिला आहे, ‘दुधाच्या’मधलाही बरोबर आहे, म्हणजे अक्षर तुम्हाला येते. चूक फक्त शेवटी-शेवटी झाली आहे.

वडोदरेकर, आपल्या इतर दोन मुद्द्यांबद्दल. 15 ते 35 हा वयोगट आपण बरोबर ऐकला आहे, परंतु तो त्या काळच्या मोहिमांचा होता, ज्या 1988 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय साक्षरता मिशनखाली चालल्या. सध्याच्या ‘उल्लास’ कार्यक्रमात 15 वर्षांवरील कोणीही बसू शकतो, वरची मर्यादा नाही. त्याची परीक्षा 150 गुणांची असते, वाचन, लेखन आणि अंकज्ञान यांना प्रत्येकी 50 गुण, आणि तिन्ही भागांत वेगवेगळे 33 टक्के मिळवावे लागतात. काळेताईंचा लेखनाचा भाग मागे राहिला तो त्यामुळेच, एकत्रित बेरजेवर तो निघाला नसता.

बाराखडीबद्दल माझे मत अनुभवातून बदलले आहे. माझ्या पहिल्या वर्गात मी सोळा जणांना अ आ इ ई पासून सुरुवात करून दिली आणि ‘क का कि की’ येईपर्यंत सात जण उरले. लहान मुलाला बाराखडी गाण्यासारखी पाठ होते, कारण त्याला उद्याचा सगळा दिवस मोकळा असतो. दिवसभर चार घरच्या पोळ्या लाटून आलेल्या बाईला आज घरी जाताना एक तरी शब्द हातात हवा असतो. आपल्याकडची जुनी ‘ग म भ न’ची रीत याच विचाराची आहे, कारण त्यात आवाजाचा क्रम बाजूला ठेवून हाताला जवळच्या वळणाची अक्षरे एकत्र घेतली जातात. बाराखडी लागतेच, परंतु ती वीस-पंचवीस शब्द वाचता आल्यावर, तेच शब्द सोडवून दाखवताना आली तर टिकते.

नेत्रसहायक

मी एका नेत्र रुग्णालयात दृष्टी तपासणीचे काम करतो, म्हणून फक्त चष्म्याबद्दल लिहितो. चाळिशीनंतर डोळ्याच्या भिंगाची लवचीकता कमी होत जाते आणि जवळचे धूसर दिसू लागते. जो माणूस रोज वाचतो त्याच्या हे लगेच लक्षात येते, कारण वर्तमानपत्र दूर धरावे लागते. ज्याने कधी वाचलेच नाही त्याला ते कळायला मार्ग नसतो. तो वर्गात येतो, अक्षरे धूसर दिसतात आणि त्याला वाटते की अक्षरे अशीच असतात. म्हणून मी प्रौढांना ‘नीट दिसते का’ असे विचारत नाही, त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ येते. मी विचारतो, ‘सुईत दोरा ओवता येतो का? तांदळातले खडे कोण निवडते?’

काळेकाकूंच्या बाईंनी हात लांब करून पुस्तक धरायला लावले, ही युक्ती अचूक आहे. दूर धरल्यावर वाचता येणे आणि जवळ धरल्यावर न येणे, हे चाळिशीच्या दृष्टिदोषाचेच लक्षण आहे. त्याच वेळी फळ्यावरचे वाचता येत होते, म्हणजे दूरची नजर चांगली होती. एक सूचना मात्र करतो. रस्त्यावर मिळणाऱ्या तयार चष्म्यात दोन्ही काचांचा नंबर सारखा असतो. दोन डोळ्यांत फरक असेल तर त्याने डोके दुखते आणि माणूस पुन्हा वर्गाला कंटाळतो, म्हणून एकदा तपासून घेणे बरे.

काळेकाकू_इंदूर

नेत्रसहायक दादा, तुम्ही तांदळाचे लिहिले ते वाचून मी थक्क झाले. तीन वर्षे आमच्या घरी खडे सूनच निवडत होती आणि मी म्हणत असे की माझ्याने बसवत नाही.

पाटीपेन्सिल सर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर: नाही, चष्मा लावला नव्हता. पत्राची सुरुवात दुपारी खिडकीशी बसून चष्म्यासह केली होती. शेवटच्या चार ओळी रात्री ओट्यापाशी उभ्याने लिहिल्या, तेव्हा चष्मा आतल्या खोलीत राहिला होता. आता वहीत पाहिले तर मी ‘ध’ची वरची रेघ ओढताना थांबलेच नाही, सरळ पुढे नेली आहे.

वडोदरेकर

वयाबद्दलची माझी माहिती जुनी होती, ती दुरुस्त केल्याबद्दल आभारी आहे. बाराखडीबद्दल मी अजूनही पूर्ण सहमत नाही. माझ्या आजीला आजोबांनी बाराखडीनेच शिकवले आणि ती अखेरपर्यंत पत्रे लिहीत होती. अर्थात तिला शिकवणारा माणूस घरातच होता, दिवसभर हाताशी होता, हे मान्य करतो.

मला प्रामाणिकपणे एक शंका विचारायची आहे. काकूंची घरची भाषा मराठी असताना त्यांना हिंदी पुस्तकातून शिकवणे योग्य होते का? लिपी एकच आहे, मग मराठी पुस्तक का वापरले नाही? ‘चश्मा’सारखे घोळ त्यानेच टळले असते.

पाटीपेन्सिल

हा प्रश्न मला आयुष्यभर पुरला आहे आणि त्याचे एकच उत्तर माझ्याकडे नाही. मातृभाषेतून शिकणे सोपे, कारण अक्षरे जोडल्यावर जो शब्द तयार होतो तो माणसाच्या ओळखीचा निघतो आणि आपण बरोबर वाचले हे त्याला आतून कळते. काळेताईंनी ‘न’ आणि ‘ल’ जोडून ‘नल’ केले असते, तर तो शब्द त्यांना परका वाटला असता. त्यात योग असा की हिंदी प्रवेशिकांत बिनमात्रांचे जे सोपे शब्द पहिल्या पानांवर येतात, त्यांतले नल, फल, कमल हे आपल्याकडे नेमके नळ, फळ, कमळ आहेत. मराठी माणूस पहिल्याच पानावर अडखळतो आणि शिकवणाऱ्याला ते माहीत नसेल तर तो त्याला चुकीचे ठरवतो.

दुसऱ्या बाजूने पाहा. इंदूरमध्ये त्यांना जे वाचायचे आहे, म्हणजे बसची पाटी, रेशन दुकानाची सूचना, बँकेचा फॉर्म, ते सगळे हिंदीत आहे आणि परीक्षाही येथे हिंदीतून झाली. केवळ मराठी पुस्तक घेतले असते तर वर्गातल्या निमाडी आणि माळवी बोलणाऱ्या बायकांवर अन्याय झाला असता. त्या बाईंनी पुस्तक हिंदी ठेवून फळा दोन भाषांचा केला, हा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. तो प्रत्येक शिक्षकाला जमेल असे मात्र मी म्हणणार नाही, कारण त्यासाठी शिक्षकाला दोन्ही भाषा घरच्यासारख्या याव्या लागतात.

आणखी एक अडचण सांगतो, जी काळेताईंना पुढे येईल. मराठी पुस्तकातला ‘ल’ आणि ‘श’ हिंदी पुस्तकांपेक्षा वेगळ्या वळणाचा छापलेला असतो. महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये लिपीबद्दल जो निर्णय काढला त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवला आहे. हिंदीतून शिकलेल्या नवसाक्षराला तो ‘ल’ अनोळखी वाटतो. ताई, बाई पुण्याहून उत्तर पाठवतील तेव्हा तुम्हाला त्यात असा ल दिसला तर घाबरू नका, अक्षर तेच आहे.

स्नेहलताई, तुमच्या सासूबाईंबद्दल एक गोष्ट तपासून पाहा. पोथीचे मधलेच एखादे पान उघडून त्यातला एकच शब्द बोटाने दाखवा आणि वाचायला सांगा. तो अडला, तर त्या पोथी पाठ म्हणत आहेत आणि पाने केवळ क्रमाने उलटत आहेत. तो आला, तर त्यांना वाचता येते आणि अडचण वर्तमानपत्राच्या बारीक टाइपाची किंवा अनोळखी शब्दांची आहे. दोन्हींचा उपाय वेगळा आहे.

स्नेहल_ग्वाल्हेर

सर, आजच करून पाहिले. मधले पान उघडले तेव्हा त्यांनी आधी विचारले, ‘हा अध्याय कुठला?’ मी सांगितले नाही. मग त्यांनी तीन शब्दांपैकी दोन वाचले, जोडाक्षर असलेला तिसरा आला नाही. आता यातून काय समजावे ते मला कळत नाही.

पाटीपेन्सिल

दोन्ही थोडे-थोडे आहे. मोठ्या टाइपाची, जोडाक्षरे कमी असलेली गोष्ट देऊन पाहा आणि चष्म्याचा नंबर जुना झाला आहे का तेही पाहा.

जुनीइंदूर_टपाल

काकूंच्या पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही, म्हणून लिहितो. पोस्टकार्ड पन्नास पैशांना टपाल कार्यालयात मिळते, वेगळे तिकीट लावावे लागत नाही. एक पूर्ण बाजू आणि पत्त्याच्या बाजूचा डावा अर्धा भाग तुमच्या मजकुरासाठी असतो. मोठ्या अक्षरात पूर्ण बाजूवर दहा-बारा ओळी मावतील, तुमचे पत्र त्यात नीट बसते. आधी पेन्सिलने फिकट रेघा मारून घ्या, नाहीतर शेवटच्या ओळी दाटतात.

पत्ता मराठीत लिहा, काही अडचण नाही. देवनागरी इथेही वाचतात आणि पुण्यातही. पिनकोडचे सहा आकडे मात्र कार्डावरच्या सहा चौकोनांत एकेक करून इंग्रजी आकड्यांत लिहा, कारण कार्ड कोणत्या पिशवीत जायचे ते त्यावरून ठरते. आपला इंदूरचा पिन 452 ने सुरू होतो आणि पुण्याचा 411 ने. चुकून सवयीने स्वतःचा पिन लिहिला तर कार्ड इथेच फिरत राहील, आणि टपाल खात्यात आयुष्य काढलेल्या बाईंना पाठवताना ती चूक होऊ नये.

वडोदरेकर

मग शेवटी चुकांचे काय ठरले? सरांचे विवेचन वाचून माझा आग्रह सैल झाला आहे, पण ‘घन्यवाद’ तरी सुधारा असे मी म्हणेन. आभाराचे पत्र आहे, तो शब्द तरी नीट हवा.

पाटीपेन्सिल

त्या एका शब्दाबद्दल मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. बाकीचे काळेताईंनी स्वतः ठरवावे. सुनेने सुधारलेले पत्र ताईंनी नुसते उतरवले, तर बाईंच्या ते पहिल्या ओळीतच लक्षात येईल. ज्या व्यक्तीने तुमचा ‘ध’ चार महिने पाहिला आहे, तिला तुमचे अक्षर आणि तुमच्या चुका दोन्ही पाठ असतात.

काळेकाकू_इंदूर

सर्वांची मी ऋणी आहे. काल रविवारी दुपारी खिडकीशी बसून चष्मा लावून पत्र पुन्हा लिहिले. दोन कार्डे वाया गेली. पहिल्यात ओळी दाटल्या, दुसऱ्यावर आमटीचा हात लागला. वडोदरेकर दादांचा शेवटच्या वेलांटीचा नियम मी लावून पाहिला आणि ‘मी’ सगळीकडे सुधारला. ‘तारीख’ दुधाच्या पिशवीवरच छापलेली असते, ती समोर ठेवून पाहून लिहिली, आणि ‘पिशवी’ दादांनी लिहिली होती तशी लिहिली. ‘तुम्ही’ लिहिताना म आणि ह जोडणे मला जमले. ‘म्हणालात’ नीट जमले नाही, म्हणून तो शब्दच बदलला. ‘चश्मा’ तसाच ठेवला, कारण तो मी स्वतः दुकानाच्या पाटीवर वाचला होता आणि बाईंना ते कळावे असे मला वाटते. बाकी काही राहिले असेल तर ते माझे आहे, सुनेला मी कार्ड दाखवले नाही. खालचे वहीवरून तिने आत्ता उतरवले आहे.

पिनकोड सहा चौकोनांत लिहिला आणि दोनदा तपासला. आज सकाळी कामाला जाताना कार्ड पेटीत टाकले.

*आदरणीय बाई,*

*सादर नमसकार. मी काळे. तुम्ही पुण्याला गेलात तेव्हापासुन वर्ग बंद आहे. आम्ही सहा जणी मंगळवारी माझ्या घरी बसतो. एकीने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. मी रोज अर्धे पान लिहिते. तुम्ही मला चश्मा घ्यायला सांगितले तेव्हा मला राग आला होता. तो राग मी तुम्हाला सांगितला नाही. आता सांगते. आता मी औषधाचे नाव वाचते. दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचते. तांदूळ मीच निवडते. तुमचे फार फार धन्यवाद. ध नीट पाहा, रेघ तोडली आहे. चश्मा मोडला नाही.*

*काळे*